‘काम चालू करा’ म्हणजे दर मान्य झाला का?

प्रश्न: मालवणच्या होमस्टेच्या फोटोंचे मी १८,००० सांगितले. मालक म्हणाले, “ठीक आहे, काम चालू करा, पैशांचं जमवून घेऊ.” दर ठरला का?

नाही, काम ठरलंय, दर ठरलेला नाही. त्यांचं “ठीक आहे” कामाला आहे, आणि “जमवून घेऊ” म्हणताना त्यांनी आकडा मुद्दाम मोकळा ठेवलाय. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार होकार पूर्ण आणि बिनशर्त लागतो. त्यांनी “१५ मध्ये करा” म्हटलं असतं, तर तोही होकार नव्हे, उलट प्रस्ताव झाला असता. त्यावर काही न बोलता तुम्ही कॅमेरा घेऊन पोचलात, तर तुम्हालाच १५ मान्य होते असा अर्थ निघू शकतो. म्हणून गप्प राहू नका. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा:

“४ खोल्या आणि अंगण, ३० फोटो, एकूण १८,०००. मान्य असल्यास ९,००० आगाऊ पाठवा, मग तारीख धरतो.”

यावर नुसता अंगठा आला तर “१८,००० पक्के ना?” असं पुन्हा विचारा. ९,००० जमा झाले की मात्र कलम ८ प्रमाणे तीच संमती धरता येते. २,००० आले तर नाही, आधी खुलासा करून घ्या.

फोटो आधीच देऊन बसला असाल आणि ते वापरत असतील, तर कलम ७० खाली वाजवी मोबदला मागता येतो. पण तो १८,००० च असेल असं नाही.