वाशीचा लीजहोल्ड फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: वाशीत एक रिसेल टू बीएचके आवडलाय, जाहिरातीत 'लीजहोल्ड, सिडको' लिहिलंय. एजंट म्हणतो नवी मुंबईत सगळं असंच असतं, टेन्शन घेऊ नका. जुन्या पनवेलला जवळपास त्याच भावात फ्रीहोल्ड मिळतोय. दहा-बारा वर्षांनी विकायचा विचार आहे. टोकन अजून दिलं नाहीये.

उत्तर: टोकन दिलं नाहीये हे फार बरं झालं. एजंट खोटं बोलत नाहीये, सिडकोचे प्लॉट 60 वर्षांच्या लीजवरच दिलेत, पण ही 60 वर्षं तुम्ही फ्लॅट घेता त्या दिवसापासून सुरू होत नाहीत, सिडकोने बिल्डरला किंवा सोसायटीला प्लॉट दिला तेव्हाच सुरू झालीत, आणि नेमकं हेच लोक विचारत नाहीत. समजा करारात 1984 लिहिलंय, म्हणजे मुदत 2044ला संपणार. तुम्ही 2026ला घेतला तर उरली 18 वर्षं, आणि 20 वर्षांचं लोन काढलं तर शेवटचा हप्ता 2046चा! बँका लोनच्या मुदतीपेक्षा जास्त लीज शिल्लक आहे का ते बघतात.

आता 2038ला विकायला काढलात तर तेव्हा सहाच वर्षं उरलेली असतील, तोवर लीज वाढली नसेल तर लोन घेणारे गिऱ्हाईक जवळपास गेलंच, मग कॅशवाला भाव पाडून मागणार. म्हणजे लीज संपेल तेव्हा बघू असं म्हणून चालत नाही, फटका कितीतरी आधी बसतो.

रिन्यूअल आपोआप होत नाही. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम 111प्रमाणे मुदत संपली की लीज संपते, वाढवून मिळायचा हक्क लीज डीडमधे लिहिला असेल तरच मिळतो. म्हणून सोसायटीकडून रजिस्टर्ड लीज डीडची कॉपी मागा आणि मुदत, रिन्यूअल आणि ट्रान्सफर ही तीन कलमं स्वतः वाचा. ट्रान्सफरला सिडकोची परवानगी आणि चार्जेस लागत असतील तर ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. आणि आधीचे सगळे व्यवहार सिडकोच्या रेकॉर्डला चढलेत का तेही बघा, सिडकोच्या जुन्या घरांचे व्यवहार पॉवर ऑफ ॲटर्नीवर झालेले खूप सापडतात, आणि नुसत्या पॉवरवर मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011मधेच स्पष्ट केलंय.

पनवेलच्या फ्लॅटला मुदतीची भानगड नाही, पण जाहिरातीतल्या 'फ्रीहोल्ड' शब्दावर विसंबू नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, भोगवटादार वर्ग 2 असेल तर विकताना सरकारी परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय का तेही विचारा, नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे असं समजा.

माझं स्पष्ट मत, लीज 20 वर्षांच्या आत आली असेल आणि रिन्यूअलचं कलम नसेल तर सारख्या भावात वाशी घेऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी बँकेचं सँक्शन लेटर हातात येऊ द्या, टोकन त्यानंतर.