खरेदीखतातली नावं जुळवून घेताना

प्रश्न: तीन भावंडांकडून शेतजमीन घेतोय. खरेदीखताचा मसुदा आलाय. एकाच माणसाचं नाव कुठे दत्तात्रय, कुठे दत्तात्रेय, परिशिष्टात द. रा. जाधव. बहिणीच्या नावामागे एकदा सौ., एकदा श्रीमती. सगळीकडे एकसारखं करून घ्या म्हणतात, पण नेमकं काय आणि कसं तपासायचं?

उत्तर:

सह्या झालेल्या नाहीत ना, मग घाबरण्यासारखं काही नाही. फक्त मसुद्यातल्या नावांवर लगेच गोल काढायला बसू नका. आमच्याकडे दस्त तपासायला आला की मी मसुदा बाजूला ठेवतो आणि आधी मूळ कागद मागतो: चालू ७/१२, त्यावर ही नावं ज्या फेरफाराने चढली तो फेरफार आणि प्रत्येकाचं आधार व पॅन. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता करतो. माणसाला एक ओळ, कागदाला एक रकाना. नाव जसं छापलंय तसंच उतरवायचं, ऱ्हस्व-दीर्घासकट आणि चुकीसकट.

तुमच्या मसुद्यातल्याच नावावरून बघू, बाकीची नावं मी उदाहरणादाखल घेतो. समजा, वडील रामचंद्र वारले आणि वारस नोंदीने ७/१२ वर तीन नावं लागली: दत्तात्रय रामचंद्र जाधव, दिगंबर रामचंद्र जाधव आणि सुनिता रामचंद्र जाधव. आधारवर पहिला आहे 'दत्तात्रेय', आणि बहीण आहे 'सुनीता विजय मोरे'. म्हणजे तुमच्या मसुद्यातला घोळ टंकलेखकाने केलेला नाही. तो कागदांमध्येच आहे, टंकलेखकाने ज्या पानासमोर जो कागद होता त्यातून नाव उचललं एवढंच.

म्हणूनच 'सगळीकडे एकसारखं करा' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. दुय्यम निबंधकाकडे माणसाची ओळख आधार-पॅनवरून पटते. पण नोंदणीनंतर फेरफार घालताना तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, बघतात ते ७/१२ वरचं नाव. दस्तात फक्त आधारवरचं 'सुनीता विजय मोरे' असेल तर ७/१२ वर त्या नावाचा खातेदारच नाही, आणि नोंद मंडळ अधिकाऱ्यापुढे अडकते. उलट फक्त ७/१२ प्रमाणे लिहिलं तर सही करायला आलेली बाई कागदोपत्री दुसरीच ठरते. दोन्ही नावं लागतात, पण एकाच जागी: दस्ताच्या सुरुवातीला, पक्षकारांच्या वर्णनात.

तिथे मी असं लिहितो: 'श्री. दत्तात्रय ऊर्फ दत्तात्रेय रामचंद्र जाधव, वय, व्यवसाय, राहणार... लिहून देणार क्र. १'. बहिणीचं: 'श्रीमती सुनीता विजय मोरे, माहेरचे नाव सुनिता रामचंद्र जाधव... लिहून देणार क्र. ३'. सोबत, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एक वाक्य आणि तसं प्रतिज्ञापत्र. बहिणीच्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम. यानंतर दस्तभर नाव लिहायचंच नाही. 'लिहून देणार क्र. १' एवढंच. नाव जितक्या कमी वेळा येईल तितकी चुकायची जागा कमी.

फेरफार मात्र काढून बघाच. फेरफारात 'दत्तात्रेय' आणि ७/१२ वर 'दत्तात्रय' असं असेल, तर ती ७/१२ वर उतरवताना झालेली लेखनचूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून ती विकणाऱ्यांनीच दुरुस्त करून घ्यावी. वेळ असेल तर हे खरेदीआधी झालेलं बरं. फेरफारातच 'दत्तात्रय' असेल तर 'ऊर्फ'वर काम भागतं.

आता मसुदा हातात घ्या. नावं तरीही काही ठिकाणी येतातच: मिळकत विकणाऱ्यांकडे कशी आली त्या परिच्छेदात, मिळकतीच्या परिशिष्टात, चतुःसीमेत, भरण्याच्या तपशिलात आणि सह्यांच्या पानावर.

पहिल्या जागेत लोक फसतात. 'सदर मिळकतीस फेरफार क्र. अमुकने दत्तात्रय, दिगंबर व सुनिता रामचंद्र जाधव यांची नावे दाखल झाली' हे जुन्या नोंदीचं कथन आहे. इथे नोंदीत आहे तेच लिहायचं, तुम्हाला चुकीचं वाटलं तरी. संगणकावर 'सर्व बदला' दाबून सगळ्या 'सुनिता'च्या 'सुनीता' केल्या की हे वाक्य खोटं होतं: त्या फेरफारात 'सुनीता' कोणी नाहीच. जुन्या दस्तांत 'रामा बिन गोविंदा' किंवा 'गंगूबाई कोम रामचंद्र' असं असतं, तेही तसंच राहू द्यावं. पक्षकारांच्या वर्णनातली नावं तुमच्या हातातली आहेत, कथनातली नाहीत.

शोधायला संगणक वापरा, पण पूर्ण नाव टाकू नका. 'दत्तात्रय' शोधलं तर 'दत्तात्रेय' सुटतं, आणि सुटलेलंच तर आपल्याला हवं असतं. 'दत्ता' एवढंच टाका, म्हणजे दोन्ही सापडतील, आणि कुठे 'दत्ताजी' घुसला असेल तर तोही. त्यासाठी मसुदा युनिकोडमध्ये हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मसुद्यात साधं मराठी टाइप करून काहीच सापडत नाही. तेव्हा छापील प्रत घ्यायची आणि शेवटच्या पानापासून उलटं, फक्त नावं बघत यायचं. मजकूर वाचत गेलं की डोळा नाव सवयीने दुरुस्त करून वाचतो. उलटं आलं की तसं होत नाही.

आपल्या भाषेची एक अडचण यात आहेच. विभक्ती लागली की नाव मोडतं: पाटीलचं पाटलांनी, फडकेचं फडक्यांना. दस्तात हे चालू द्यायचं नाही. 'यांनी, यांना, यांचे' हे शब्द त्यासाठीच आहेत. 'पाटील यांनी', 'फडके यांना' लिहिलं की नाव सगळीकडे अखंड राहतं आणि शोधताही येतं.

परिशिष्टाकडे येऊ, कारण आद्याक्षरांचा खरा धोका तिथे आहे. तुमच्या चतुःसीमेत 'पूर्वेस: द. रा. जाधव यांची जमीन' असं आहे म्हणू. आता दत्तात्रय रामचंद्रही द. रा. आणि दिगंबर रामचंद्रही द. रा.! पूर्वेची जमीन कोणाची? विकणाऱ्यांपैकी एकाने त्याच गटातला तुकडा स्वतःकडे राखला असेल, तर ती हद्द आणि उद्याचा रस्ता यावर बोलायची वेळ आली की तुमच्या हातात 'द. रा.' एवढंच असेल. शेजाऱ्याचंही पूर्ण नाव आणि त्याचा गट नंबर लिहून घ्या. शेजारी विकणाऱ्यांपैकीच असेल तर 'लिहून देणार क्र. २ यांची गट नं. अमुकमधील उर्वरित मिळकत' असं स्पष्ट लिहा. नावं बदलतात, जमिनी विकल्या जातात, गट नंबर मात्र सहसा जागेवर असतो.

भरण्याच्या तपशिलात धनादेश किंवा आरटीजीएस ज्या खात्यावर गेला त्या खात्याचं नाव बँकेत आहे तसं लिहा, आणि पुढे 'लिहून देणार क्र. १ यांचे खाते'. खात्यावरचं नाव आद्याक्षरांत असलं तरी त्यामुळे दुवा तुटत नाही. सह्यांच्या पानावर छापील नाव पक्षकारांच्या वर्णनाप्रमाणे पूर्ण हवं. वर प्रत्यक्ष सही 'सु. वि. मोरे' अशी झाली तर बिघडत नाही, सही ज्याची त्याची जशी असते तशी.

उपाध्यांचं सोपं आहे, फक्त दोन प्रकार वेगळे ओळखायचे. श्री., सौ., श्रीमती, कु., गं. भा., डॉ. या नावाच्या बाहेरच्या. त्या पक्षकारांच्या वर्णनात एकदा लावा, पुढे नकोत. बाईंसाठी मी नेहमी 'श्रीमती' घेतो. 'सौ.' लिहिलं की नवरा हयात आहे असं आपण सांगून बसतो, आणि साठेखत ते खरेदीखत यांच्या मध्ये काय घडेल ते कोणाच्या हातात नसतं. दुसरा प्रकार म्हणजे नावाला चिकटलेले बाई, राव, अप्पा. ७/१२ वर 'भागुबाई' असेल तर ते नावच आहे, 'भागू' करायचं नाही. आणि ७/१२ वर नुसतं 'दत्तात्रय' असताना आदर म्हणून 'दत्तात्रयराव' करायचं नाही. मसुदा करणाऱ्याला वाटतं आपण मान दिला. प्रत्यक्षात तिसरं नाव तयार झालेलं असतं. वडिलांच्या नावाआधीचं 'कै.' कथनात ठीक, पक्षकाराच्या नावाच्या मध्ये नको.

छापून झाल्यावर चूक दिसली तर सह्यांआधी ते पान पुन्हा छापणं सगळ्यांत स्वच्छ. हाताने खाडाखोड केलीच तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे त्या प्रत्येक जागी लिहून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरी हवी, नाहीतर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतात. पांढरा रंग लावून त्यावर लिहू नका.

शेवटची तपासणी दस्ताची नाहीच. नोंदणीसाठी जी डेटा एन्ट्री करतात, त्यातून दस्त गोषवारा आणि सूची क्र. २ छापली जाते. तिथली नावं तुमच्या दस्तातून आपोआप येत नाहीत, कोणीतरी ती पुन्हा टाइप करतं. दस्तात एकही चूक नसताना सूचीत 'दत्तात्रय' राहतं आणि 'ऊर्फ दत्तात्रेय' गळतं, हे मी पाहिलंय. डेटा एन्ट्री वकिलाकडे होणार असेल तर तुमचा तो तक्ता हातात घेऊन शेजारी बसा. नावाच्या रकान्यात श्री., सौ. टाकू देऊ नका. बहिणीचं माहेरचं नावही तिथे आलंय ना ते बघा. कार्यालयात कबुलीजबाब, फोटो आणि अंगठा होण्याआधी छापून दाखवतात ती प्रत घाई न करता वाचा, मागे रांग असली तरी. त्या क्षणापर्यंत बदल फुकट असतो. नंतर दस्तातच चूक निघाली तर चूक दुरुस्ती लेख करावा लागतो, त्यालाही मुद्रांक आणि नोंदणी आलीच, आणि तिन्ही भावंडांना पुन्हा कार्यालयात आणावं लागतं. पैसे मिळून गेल्यावर तिघं एका दिवशी मोकळी सापडतील याची खात्री धरू नका. बहीण परगावी असेल तर तिचं नाव सगळ्यांत आधी तपासा.