क्लाउड की हार्ड डिस्क?

जुने फोटो स्कॅन करून दोन्हीकडे ठेवा, पण स्कॅनची मूळ प्रत हार्ड डिस्कवरच असू द्या. गूगल फोटोजमध्ये Storage saver चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो. जुना ४ × ६ इंची फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर तो सुमारे ३५ मेगापिक्सेलचा होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त तपशील गेलाच! म्हणून आधी Original quality निवडा.

दुसरी गोष्ट जास्त घातक. फोनच्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो, ट्रॅशमध्ये फक्त ६० दिवस राहतो. वेगळी काढून ठेवलेली डिस्क यातून वाचते. मात्र तीही बंद पडते, म्हणून अधूनमधून जोडून काही जुने फोटो खरोखर उघडून बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणजे फोटो शाबूत आहेत असं नाही.