पीआयपी संपला, आता राजीनामा मागताहेत

"पुण्यात आयटीत तीन वर्षं झाली. ६० दिवसांचा पीआयपी संपला, एचआर म्हणतेय उद्यापर्यंत रिझाइन कर नाहीतर टर्मिनेट करू. माझ्या हातात काही आहे का?"

तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, २०२१ मध्ये मी याच खुर्चीत होतो. आधीच सांगतो, मी वकील नाही, कागद एखाद्या लेबर वकिलाला दाखवच.

माझी चूक एकच. रिलीव्हिंग लेटर अडकेल या भीतीने मीटिंगमध्येच पोर्टलवर 'पर्सनल रीझन' निवडून रेझिग्नेशन सबमिट केलं. तिथेच सगळं गेलं, कारण स्वतःहून दिलेला राजीनामा कायद्यात छाटणी धरत नाहीत. काम जमत नाही म्हणून कंपनीने काढलं आणि गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नाही, तर ती सहसा छाटणीच धरली जाते, मग एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. माझी सहा वर्षं झालेली, पगार ८० हजार, म्हणजे अंदाजे २ लाख ४० हजार, ग्रॅच्युइटी वेगळी. मिळाली फक्त ग्रॅच्युइटी.

पण हे कायद्यातल्या 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यालाच, मॅनेजरला नाही. माझ्या लेटरवर 'लीड' लिहिलेलं, तक्रार घेऊन कामगार आयुक्तांच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या माणसाने तेवढंच वाचून "मॅनेजर लोक आमच्याकडे येत नाहीत" म्हणत अर्जच घेतला नाही आणि मी मुकाट परत आलो. अजून राग येतो! हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात. मी दिवसभर कोड लिहायचो, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, अप्रेझल द्यायचा नव्हता. तुझंही तसं असेल तर जॉब डिस्क्रिप्शन, टिकिटं, रजा कोण मंजूर करतं त्याचे मेल आत्ताच जमव, पण क्लायंटचा डेटा किंवा कोड घरच्या मेलवर अजिबात पाठवू नकोस, त्यावरूनच गैरवर्तनाची केस करतील. आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दिलास की आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नकोस. तिथे तडजोड नाही झाली तर अर्जानंतर ४५ दिवसांनी स्वतः थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, त्यात न्यायाधिकरणात जायची मुदत काढल्यापासून दोन वर्षांची, त्यामुळे रेंगाळू नको.

खरोखर मॅनेजर असशील तर मात्र हातात मुख्यतः अपॉइंटमेंट लेटरच, म्हणजे नोटीस पे आणि थकबाकी. नोकरी परत द्या असं कोर्ट खासगी कंपनीला सहसा सांगत नाही. अशा वेळी दोन-तीन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर लेखी मिळत असेल तर माझ्या मते राजीनामा द्यावा, टर्मिनेशन बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये दिसू शकतं हे खरंच आहे. फुकट मात्र देऊ नये.

आज रात्रीच एचआरला मेल टाक, "आजच्या मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तशी इच्छा नाही, निर्णय लेखी कळवा." बीसीसी स्वतःच्या मेलवर नको, स्क्रीनचा फोटो काढून ठेव. आणि दबावाखाली सबमिट करून बसला असशील तर मंजूर व्हायच्या आत, आत्ता लगेच, लेखी मागे घे.