गर्ता आठ किलोमीटरची, भूकंप पाचशे किलोमीटरवर

प्रश्न: जपानजवळची सागरी गर्ता जेमतेम ८ किमी खोल आहे, मग तिथे ५०० किमी खोलीवर भूकंप कसे होतात? आपल्या मराठवाड्यात असा खोल भूकंप होऊ शकतो का? झाला तर किल्लारीपेक्षा जास्त नुकसान होईल का?

गर्ता म्हणजे जमीन फाटून पडलेली भेग नव्हे, आणि हे भूकंप तिच्या तळाशी होत नाहीत. पॅसिफिक भूपट्ट पूर्वेकडून येतो, वाकतो आणि जपानखाली शिरतो. जिथे तो वाकून खाली जायला लागतो तिथे समुद्रतळावर लांबच लांब खोलगट पट्टा तयार होतो, ती गर्ता. पट्ट तिथे संपत नाही. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर या गतीने तो पश्चिमेकडे तिरका उतरत राहतो आणि ५०० किमीवरचे भूकंप त्या उतरणाऱ्या पट्टाच्या पोटात होतात, तेही गर्तेपासून हजारेक किलोमीटर लांब. २८ जून २००२ ला ७.३ तीव्रतेचा भूकंप ५६६ किमी खोलीवर झाला. तो झाला चीनच्या जिलिन प्रांताखाली, पण पट्ट तोच, जपानच्या गर्तेतून आत गेलेला.

हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी लातूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमचं एक प्रशिक्षण होतं. साधनव्यक्तींनी पडद्यावर गर्तेचं चित्र दाखवलं: इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल चीर आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत भूकंपाचे लाल ठिपके. सांगितलं असं की गर्ता जितकी खोल तितका भूकंप खोल, आणि भूकंप जितका खोल तितका जास्त घातक. मी उठून म्हणालो, "सर, जगातली सगळ्यात खोल गर्ता अकरा किलोमीटरच्या आत आहे आणि भूकंप ७०० किलोमीटरपर्यंत होतात. मग हे ठिपके चिरेत बसतात कसे?" त्यावर उत्तर आलं, "अहो सर, पोरांना चार मार्कांचं उत्तर लिहायचंय, पीएचडी नाही करायची."

मला ते सहन झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत आलेख कागद घेतला. हिंगोलीकडच्या एका मॅडमनी मोबाईलवर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं earthquake.usgs.gov उघडलं आणि ३९ ते ४४ उत्तर अक्षांशांमधले मोठे भूकंप वाचून दाखवायला सुरुवात केली: रेखांश अमुक, खोली तमुक. त्या भागात एक अंश रेखांश म्हणजे साधारण ८३ किमी. गर्ता १४४.५ पूर्वच्या आसपास धरली, तिथून पश्चिमेकडचं अंतर आडव्या अक्षावर घेतलं आणि खोली उभ्या अक्षावर खाली मोजली. दोन्हीकडे प्रमाण एकच, एका सेंटिमीटरला १०० किमी. ते वेगळं ठेवलं तर उताराचा कोन खोटा दिसतो.

अर्ध्या तासात चित्र उभं राहिलं. गर्तेजवळचे ठिपके उथळ. जपानच्या पूर्व किनाऱ्याखाली, म्हणजे गर्तेपासून २०० किमीवर, पट्टात होणारे भूकंप ५० किमीच्या आसपास. ज्वालामुखींच्या रांगेखाली १०० किमी. जपानच्या समुद्राच्या मध्यावर ३०० किमी. आणि टोकाला तो जिलिनचा ठिपका, गर्तेपासून सुमारे १,१५० किमी आडवा आणि ५६६ किमी खाली. पट्टी ठेवून कोन काढला तर सव्वीस-सत्तावीस अंश भरतो. तिरकी लांबी १,२८० किमीच्या घरात जाते. वर्षाला साडेआठ सेंटिमीटर या गतीने तेवढं अंतर कापायला दीड कोटी वर्षं लागतात. म्हणजे २००२ साली जो खडक तिथे तुटला तो दीड कोटी वर्षांपूर्वी गर्तेत वाकून आत गेलेला होता. हे गणित करताना आमच्या टेबलाभोवती गर्दी जमली होती.

हाच तिरका पट्टा भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांनी जपानमध्ये दाखवला. आधी, १९२८ मध्ये, त्यांनी खोल भूकंप खरोखर असतात हे सिद्ध केलं. भूकंपाची पहिली लहर आणि दुसरी लहर यांतलं वेळेचं अंतर नाभीपासून, म्हणजे भूकंप जिथून सुरू होतो तिथून, लांब जावं तसं वाढतं. उथळ भूकंप असेल तर अगदी वरच्या भूकंपमापन केंद्रावर दोन्ही जवळजवळ एकदम पोचतात. काही भूकंपांत मात्र सर्वांत जवळच्या केंद्रावरही दोन लहरींत तीसेक सेकंदांचा फरक उरायचा. म्हणजे नाभी तिथून बरीच लांब होती; ते अंतर आडवं असूच शकत नव्हतं, म्हणजे ते खालचं होतं, साडेतीनशे किमीच्या आसपास. मग १९३५ मध्ये त्यांनी समान खोलीच्या रेषा नकाशावर काढल्या, तर त्या पॅसिफिककडून आशिया खंडाकडे पायरी-पायरीने खाली जाताना दिसल्या. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा यायचाच होता. पुढे ह्यूगो बेनिऑफ यांनी इतर गर्तांजवळही हेच दाखवलं, म्हणून या पट्ट्याला वादाती-बेनिऑफ क्षेत्र म्हणतात.

आता आमच्या कागदाकडे परत. त्यावर एक गोष्ट विचित्र दिसत होती. तिरक्या पट्ट्याखेरीज १० किमीवर ठिपक्यांची एक सपाट ओळ आणि ३३ किमीवर दुसरी. मॅडम वाचता वाचता म्हणाल्याच होत्या, "सर, दहा-दहा किती येतंय हो!" साधनव्यक्तींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही बघा तुमची तिरकी रेघ, आडवी आहे!" त्या ओळी निसर्गातल्या नाहीत. जवळ पुरेशी केंद्रं नसली की संगणकाला उथळ भूकंपाची खोली ठरवता येत नाही. मग ती १० वर, आणि जुन्या नोंदींत ३३ वर, पक्की धरून फक्त जागा काढतात. खरी खोली हवी तर नाभीपासून सरळ वर जाऊन पृष्ठभागावरून परतणारी लहर शोधावी लागते. ती थेट लहरीनंतर जितकी उशिरा येते तितका भूकंप खोल. ६०० किमीच्या भूकंपात हा उशीर दोन मिनिटांच्या आसपास असतो, म्हणून खोल भूकंपांची खोली उलट जास्त भरवशाची असते. मी हे सांगितलं. त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि पुढचा घटक सुरू केला. दुपारच्या सत्रातही तेच चित्र पडद्यावर होतं. त्याचा राग मला आजही आहे, कारण त्या सभागृहातून ते चित्र वर्गावर्गांत गेलं.

आता "एवढ्या खोल खडक तुटतोच कसा" हा खरा प्रश्न. तिथल्या दाबाखाली आणि उष्णतेत खडक तुटण्याऐवजी हळूहळू वाहायला हवा. पण जपानच्या गर्तेत शिरणारा पट्ट जवळपास तेरा कोटी वर्षं जुना, थंड आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर जाड आहे. आपल्या जुन्या वाड्याच्या हात-दोन हात जाड भिंतीला उन्हाळ्यात दुपार झाली तरी आतून गारवा असतो, तसा पट्टाचा गाभा कवचाखालच्या तप्त प्रावरणात लाखो वर्षं तापत नाही. तरी केवळ थंडपणा पुरत नाही. सुमारे ३०० किमीपर्यंत मुख्य कारण पाणी मानतात: समुद्राखाली असताना खनिजांत बांधलं गेलेलं पाणी तापून सुटतं आणि जुन्या भेगा निसटतात. त्याच्याखाली ऑलिव्हिन हे खनिज थंडीमुळे वेळेवर रूप बदलत नाही आणि मग एकदम बदलताना खडक सरकतो, अशी एक मांडणी आहे. यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. भूकंप ७०० किमीच्या आसपास थांबतात हे मात्र जगभर दिसतं.

खोल म्हणजे घातक, हे तर साफ चूक. २४ मे २०१३ ला ओखोत्स्कच्या समुद्राखाली ६०९ किमीवर ८.३ चा भूकंप झाला. मॉस्कोपर्यंत जाणवला, पण मोठी हानी झाली नाही. किल्लारीचा ६.२ चा, म्हणजे ऊर्जा ओखोत्स्कच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण नाभी जमिनीखाली दहाएक किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ पहाटे चारच्या सुमाराची आणि डोक्यावर दगड-मातीच्या भिंतींवर तोललेलं माळवद. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. माझ्या आजोळचं गाव त्या पट्ट्यात आहे, म्हणून "खोल तितका घातक" असं शिक्षकांना शिकवलेलं मला चालत नाही. उथळ भूकंपाची भीती ज्यांनी बाळगायला हवी तेच ती सोडून देतील.

मराठवाड्याखाली उतरणारा पट्ट नाही, त्यामुळे जपानसारखा खोल भूकंप इथे होणार नाही. आपले भूकंप जुन्या, ताठ कवचातल्या भेगांवरचे आणि उथळच. हिंगोलीत १० जुलै २०२४ ला ४.५ चा झाला त्याची खोलीही १० किमी अशीच जाहीर झाली. असा गोल आकडा दिसला की "उथळ" एवढाच अर्थ घ्या.

पट्ट सगळीकडे पट्टीने आखल्यासारखा उतरत नाही, हेही सांगायला हवं. मारियाना गर्तेखाली तो जवळजवळ उभा जातो, पेरूखाली शंभरेक किलोमीटर खोलीवर बराच लांब आडवा सरकतो. आणि भूकंप संपले म्हणजे पट्ट संपला असंही नाही. भूकंपलहरींच्या वेगावरून काढलेल्या चित्रांत ईशान्य चीनखाली तो भूकंपांच्या पुढेही पश्चिमेकडे आडवा पसरलेला दिसतो, तिथे एकही धक्का नसताना. ठिपके त्याचा तुटणारा भाग दाखवतात, सगळा पट्ट नाही.

तुम्ही शिक्षक असाल तर व्हीचं चित्र वर्गात नेऊ नका. पोरांकडून ठिपके काढून घ्या. त्याच संकेतस्थळावरून भूकंपांची यादी उतरवली की `depth` आणि `longitude` हे दोनच रकाने लागतात. `depthError` हा खोलीतल्या चुकीचा अंदाज बघा आणि नेमके १०, ३३, ३५ असलेले ठिपके वेगळ्या रंगाने काढा. पट्टा अरुंद आणि गर्तेला काटकोनात घ्या, कारण होक्काइदो बेटाजवळ गर्ता वळते आणि रुंद पट्ट्यात तिरकी रेघ पसरट होते. दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगाचा भाग घेतलात तर खोल ठिपके भरपूर मिळतील, जगात सर्वांत जास्त तिथेच आहेत.