पीओसी म्हणजे भिंत नव्हे

व्हॉल्यूम प्रोफाइल म्हणजे कोणत्या भावाला किती व्यवहार झाले ते दाखवणारा आलेख; त्यात पीओसीची, म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोलची, रेघ दिसली की लगेच तिथे खरेदीची ऑर्डर लावू नकोस. त्या भावाला सर्वाधिक व्यवहार झाले, म्हणजे घेणारे-विकणारे दोघांनाही तो पटला होता. तिथे भाव बऱ्याचदा उसळत नाही, आजूबाजूलाच घुटमळतो. जवळ लावलेला स्टॉप-लॉस त्यातच उडतो.

समज, युरो-डॉलरमध्ये काल सुमारे 70 टक्के व्यवहार 1.0820 ते 1.0860 मध्ये झाले, पीओसी 1.0845. आज भाव 1.0875 वरून खाली येतोय. मी 1.0860 ला थांबून बघतो. अर्ध्या तासाच्या सलग दोन कँडल त्याखाली बंद झाल्या, तर बाजाराने जुना पट्टा पुन्हा मान्य केला असं धरतो आणि 1.0845 हे पहिलं लक्ष्य ठेवतो. नुसती वात आत जाऊन कँडल वर बंद झाली, तर विक्रीचा विचार सोडतो. बातमीच्या वेळी मात्र हे वाचन टिकत नाही.

आणखी एक, हे नीट लक्षात ठेव: स्पॉट फॉरेक्सला एकच एक्स्चेंज नाही. तुझ्या चार्टवरचा व्हॉल्यूम बहुधा तुझ्या ब्रोकरकडचे टिक मोजतो. म्हणून शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवरच्या युरो फ्यूचर्सचा प्रोफाइल शेजारी उघड. दोन्हीकडे जास्त व्यवहारांचा फुगवटा साधारण एकाच जागी नसेल, तर ती पातळी मी वापरत नाही. फ्यूचर्स आणि स्पॉटच्या भावात थोडा फरक असतो, तेवढा वजा करून बघ.