ड्राफ्टिंगला मराठीत काय म्हणायचं? आडोसा!

"सायकल रेसच्या कॉमेंट्रीत 'ड्राफ्टिंग' सारखं कानावर पडतं, स्विमिंगमध्येही म्हणतात. याला मराठी शब्द आहे का? आणि दुसऱ्याच्या मागे राहून खरंच एवढी शक्ती वाचते का?"

शब्द आहे आणि तो घरचाच आहे: आडोसा. वाऱ्यात काडी पेटवताना हाताचा आडोसा करतो ना, तोच. 'आडोसा घेणे', 'आडोसा धरणे', 'आडोशाला राहणे', 'आडोशातून बाहेर येणे' अशी सगळी क्रियापदं तयारच मिळतात, नवं काही पाडायला नको.

आता 'ड्राफ्ट'मध्ये मूळ अर्थ ओढण्याचा आहे, तिकडे ड्रॉ म्हणजे ओढणे त्यातूनच तो आला, आणि आपल्याकडे बँकेच्या डिमांड ड्राफ्टला 'धनाकर्ष' केलं त्यातही आकर्ष म्हणजे ओढच आहे. त्यामुळे कुणीतरी उत्साहाने ड्राफ्टिंगला 'वाताकर्ष' सुचवेल, पण मला तो नको वाटतो, कारण त्यातून मागचा माणूस पुढच्याकडे खेचला जातो असा समज होतो, आणि सायकलवर तसं होत नाही. होतं ते एवढंच, की पुढचा हवा फाडत जातो, त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा आणि त्याच्याबरोबर थोडी पुढेच सरकणारी हवा असलेला पट्टा तयार होतो, आणि मागच्याच्या छातीवर समोरून जो दाब यायचा तो कमी होतो. पॅडल त्यालाही मारावंच लागतं, फक्त भिंत पातळ झालेली असते. जर्मनमध्ये याला 'विंडशाटन' म्हणजे वाऱ्याची सावली म्हणतात, आणि आपण शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकलोय त्या चालीवर 'वातछाया' सहज बसतो. लेखात छान दिसेल, पण कॉमेंट्रीत बोलताना आडोसाच बरा.

किती वाचतं ते बघू. सपाट रस्त्यावर 40 किमी वेगाला सायकलवाल्याची बहुतेक ताकद नुसती हवा ढकलण्यात जाते, आणि वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट, म्हणून हा सगळा खेळ जोरात जाणाऱ्यांचा आहे. 1990 साली छापलेल्या एका अभ्यासात चालत्या सायकलवाल्यांचा ऑक्सिजन मोजला होता. एकाच्या मागे 32 किमी वेगाने जाताना सुमारे 18 टक्के बचत, 40 ला 27 टक्के, आणि आठ जणांच्या घोळक्यामागे 40 ला तर 39 टक्के. चढावर वेग 15 वर आला की मात्र लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते, तिथे आडोशाचा फारसा उपयोग नाही, म्हणून घाटातच घोळका फुटतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ट्रॅकवरच्या टीम परस्यूटचं. चार जण एकामागे एक, वेग 60 किमी. 1999 मध्ये छापलेली मोजमापं अशी: पहिल्याला 607 वॉट, दुसऱ्याला 430, तिसऱ्या-चौथ्याला 389-389. म्हणजे शेवटचा पहिल्याच्या 64 टक्के ताकदीत तोच वेग धरतो. पण 607 वॉट चार किलोमीटरभर टिकवणं फार अवघड, म्हणून पहिला थोडा वेळ ओढून वळणाच्या उतारावर वर सरकतो, बाकी तिघे खालून निघून जातात आणि हा शेपटाला येऊन लागतो. चौघांची सरासरी काढली तर 454 च्या आसपास येते, आणि ती मात्र तगड्या माणसाला झेपते. इथे 'ओढणे' हा शब्द बघा कसा बरोबर बसतो: पुढचा ओढतो आणि मागचा आडोशाला असतो.

हे झालं एकाच टीमचं. प्रतिस्पर्धी असले की गंमत येते, कारण दोघं पुढे निसटले आणि एक जण पुढे येऊन ओढायची पाळीच घेईना, तर तो शेवटच्या स्प्रिंटला ताजातवाना राहणार. अशा माणसाला फ्रेंच आणि इटालियन दोन्हीकडे 'चाक चोखणारा' म्हणतात, आणि आपल्याकडे जळवेसारखा चिकटलाय म्हटलं की काम होतं. मग पुढचा पण मुद्दाम वेग कमी करतो, मागे वळून बघतो, कधी कधी दोघंही इतके रेंगाळतात की मागून घोळका येऊन गिळतो. घोळक्याचं तर काय सांगावं, 2018 च्या एका अभ्यासात 121 जणांच्या घोळक्याची कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये तपासणी केली तेव्हा आतल्या मागच्या भागात हवेचा अडथळा एकट्याच्या 5 ते 10 टक्क्यांवर आलेला निघाला.

आडोसा मिळाला हे कसं कळतं? कानातला वाऱ्याचा सूं सूं आवाज एकदम पडतो. मी पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा वारा थांबला असंच वाटलं होतं, मग जरा बाजूला सरकलो आणि थप्पड बसल्यासारखा वारा अंगावर आला. वारा बाजूने असेल तर आडोसाही तिरका पडतो, म्हणून तेव्हा सगळे तिरक्या ओळीत चालतात. आणि पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक गेलं आणि दोन्ही घासली, तर बहुतेक वेळा पडतो मागचा.

आता पाणी. इथे 'आडोसा' थोडा अपुरा पडतो हे मान्य करतो, कारण पोहणाऱ्याच्या मागचं पाणी त्याच्याबरोबर खरोखर पुढे चाललेलं असतं, म्हणजे मागचा थोडा वाहत्या पाण्यात पोहत असतो. मोजमापात पायांच्या बोटांपासून अर्ध्या मीटरपर्यंत राहिलं तर पाण्याचा अडथळा साधारण 20 टक्क्यांनी कमी होतो, बाजूला कमरेच्या आसपास राहिलं तर फक्त 6-7 टक्क्यांनी. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे, त्यामुळे पोहण्याचा वेग कमी असूनही फायदा दिसतो. खूण म्हणजे तोंडावर पुढच्याच्या पायांचे बुडबुडे येत राहतात. बुडबुडे गेले की समजायचं, पाय सुटले. मात्र पुढचा दिशा चुकला तर आपणही त्याच्यामागे चुकतो.

पूलमध्ये लेन वेगळ्या असल्याने बाजूचाच आडोसा मिळतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 4x100 फ्रीस्टाइल रिलेच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकेचा जेसन लेझॅक फ्रान्सच्या अलेन बर्नारच्या मागे होता, आणि तो बर्नारच्या बाजूच्या दोरीला अगदी लगटून पोहला. त्याचे 100 मीटर 46.06 सेकंदांत झाले, बर्नारचे 46.73, आणि अमेरिका 0.08 सेकंदाने जिंकली. अर्थात सगळं श्रेय बर्नारच्या बाजूने मिळालेल्या आडोशाला देणं लेझॅकवर अन्याय होईल.

ट्रायथलॉनमध्ये हा शब्द घासून बघता येतो. आयर्नमॅनसारख्या लांब स्पर्धांत सायकलवर आडोसा घ्यायला बंदी असते, बरीच वर्षं हौशी स्पर्धकांसाठी 12 मीटरचं अंतर राखायचा नियम आहे आणि ओलांडायला घुसलात तर 25 सेकंदांत पुढे जायचं. पोहताना मात्र चालतं. म्हणजे मराठीत सांगायचं तर 'पाण्यात पाय धरा, रस्त्यावर आडोसा सोडा', आणि पंचाने शिट्टी मारली तर 'आडोशाची हद्द मोडली'. बोलून बघा, कुठे अडखळत नाही.